पेंग्विनांच्या घोळक्यात नंबर कोण लावतं?

प्रश्न: कडाक्याच्या थंडीत पेंग्विन एकमेकांना अगदी चिकटून घोळका करून का उभे राहतात? आणि आतले बाहेर, बाहेरचे आत असं जे आळीपाळीने फिरत राहतात ते नेमकं चालतं कसं, कोणी ठरवतं का ते? धक्काबुक्की होत नाही का?

उत्तर:

कोणी ठरवत नाही, आणि "आता तू बाहेर जा, मी आत येतो" अशी पाळीही नसते. बऱ्याच क्लिप्समध्ये मागून आवाज येतो की बाहेरचे पेंग्विन हळूहळू मध्ये शिरतात आणि मधले उदार मनाने त्यांना जागा देतात, ते ऐकायला छान आहे पण तसं काही होत नाही. मध्ये कोणी शिरत नाही, शिरूच शकत नाही इतकी गर्दी असते. तरीही तासाभरात मधला पक्षी कडेला आलेला असतो हे खरं आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आधी एक स्पष्ट करतो, हे सगळं मी एम्परर पेंग्विनबद्दल लिहितोय. भर हिवाळ्यात, अंटार्क्टिकाच्या काळोखात, समुद्राच्या गोठलेल्या बर्फावर उभं राहून अंडं उबवणारा हाच एक. बाकीच्यांचं शेवटी थोडक्यात सांगतो.

"का" याचं उत्तर थंडी वाजते म्हणून, एवढंच नाहीये. पिसांचा कोट आणि त्याखालची चरबी इतकी जबरदस्त असते की वारा नसेल तर साधारण उणे १० अंशापर्यंत एम्परर पेंग्विनला जास्तीची एनर्जी खर्च न करता आरामात उभं राहता येतं. त्याच्या खाली गेलं की शरीराला भट्टी वाढवावी लागते, म्हणजे चरबी जास्त जाळावी लागते. आणि तिथे हिवाळ्यात उणे ३०, उणे ४० आणि वर ताशी शंभर किलोमीटरच्या पुढचा वारा हे काही अपवादाने होत नाही. तरी एकटा पक्षी लगेच गोठून मरत नाही, तो जिवंत राहील, फक्त चरबी भराभर संपवेल, आणि नराला नेमकं तेच परवडत नाही.

कारण नराचा उपास. तो एप्रिलच्या आसपास वसाहतीत येतो, जोडी जमते, मादी एकच अंडं घालते, ते नराच्या पायांवर सरकवते आणि समुद्राकडे खायला निघून जाते. मग साधारण ६५ दिवस ते अंडं पायांवर, पोटाच्या कातडीच्या घडीखाली धरून नर उभा. आल्यापासून मोजलं तर जवळपास ११५ दिवस पोटात अन्नाचा कण नाही, तहान भागवायला फारतर बर्फ खातो. येताना वजन ४० किलोच्या आसपास असतं, सुटका होते तेव्हा साधारण ६० टक्के उरलेलं असतं. वजन २२-२३ किलोच्या जवळ गेलं की शरीर चरबी संपवून स्नायू खायला लागतं आणि पक्षी अंडं टाकून समुद्राकडे चालू लागतो. हे एकदा समजलं की घोळका कशासाठी असतो ते आपोआप समजतं.

आता हिशोब करून बघा, ढोबळ आहे पण पुरेसा बोलका आहे. ४० किलोवरून २४ वर यायला हातात १६ किलो. ११५ दिवसांत ते पुरवायचे तर रोज साधारण १४० ग्रॅम. फ्रेंच संशोधकांनी १९९७ साली छापलेल्या कामात मोकळेपणी घोळका करणारे पक्षी आणि कुंपणात ५ ते १० च्या छोट्या गटात ठेवलेले पक्षी यांची तुलना केली होती, तर मोकळ्यांचा एनर्जीचा खर्च साधारण पाव हिश्शाने कमी निघाला. म्हणजे घोळका नसता तर १४० च्या जागी रोज १८५-१९० ग्रॅम गेले असते, आणि १६ किलो ८५-८६ दिवसांत संपले असते. अंडं घातलं जातं साधारण पंचेचाळिसाव्या ते पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पिल्लू बाहेर यायला अजून २५ ते ३० दिवस असताना बाप रिकामा. म्हणजे घोळका नसेल तर या पक्ष्याला हिवाळ्यात अंडं उबवणं जमणारच नाही.

ही बचत येते कुठून तर मुख्यतः उघड्या अंगातून. उष्णता जाते ती पृष्ठभागातून, आणि शेजारी चिकटले की तुमचा बराच पृष्ठभाग वाऱ्याला दिसतच नाही. दाट घोळक्यात एका चौरस मीटरमध्ये ८ ते १० मोठे पक्षी मावतात. १० धरले तर १०० पक्ष्यांचा गोल घोळका साधारण १० चौरस मीटरचा, त्याचा घेर ११ मीटरच्या आसपास, आणि कडेला उभे राहतात अंदाजे ३५ जण. म्हणजे तिघांतला एक उघड्यावर. तेच १००० पक्षी असतील तर घेर ३५ मीटर आणि कडेला ११० जण, नवातला एक. पक्षी दहापट झाले पण कडा तिप्पटच वाढली. म्हणून मोठ्या घोळक्यात प्रत्येकाच्या वाट्याला उघड्यावरचा वेळ कमी येतो, अर्थात वाटा सगळ्यांना सारखा मिळाला तर, आणि तो सारखा मिळतो का हाच तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आहे.

अजून एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. निरभ्र आकाश असेल तर एकट्या पक्ष्याच्या पिसांचा बाहेरचा थर आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतो. २००८ च्या जून महिन्यात थर्मल कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रांत तो हवेपेक्षा ४ ते ६ अंशांनी खाली दिसला, कारण अंग सरळ आकाशाकडे उष्णता फेकत असतं. घोळक्यात तुमच्या अंगाला आकाश दिसत नाही, शेजाऱ्याची पाठ दिसते. हीसुद्धा बचतच.

आत किती गरम होतं हे कसं कळलं ते सांगण्यासारखं आहे. अडेली लँडमध्ये ड्युमाँ द'उर्विल नावाच्या फ्रेंच तळाच्या अगदी जवळ एक वसाहत आहे, तिथे संशोधकांनी काही पक्ष्यांच्या पाठीच्या खालच्या भागावर छोटे लॉगर चिकटवले, तापमान आणि उजेड दोन्ही नोंदवणारे. पक्षी घोळक्यात गेला की मागच्याचं पोट त्याच्या पाठीला लागतं, सेन्सर झाकला जातो, उजेड पडतो बंद आणि तापमान चढायला लागतं. बाहेर आला की उलटं. या नोंदींमध्ये घट्ट घोळक्यात दोन तासांच्या आतच तापमान ३७.५ अंशांपर्यंत चढलेलं सापडलं, बाहेर काहीही असो. म्हणजे शरीराच्या स्वतःच्या तापमानाइतकंच जवळपास.

आणि इथेच लोकांचा समज उलटा होतो. सगळ्यांना वाटतं की मधली जागा ही स्वर्ग, तिथून कोण कशाला हलेल. पण ३७ अंशात अंगावर तो कोट घालून उभं राहणं म्हणजे शिक्षाच. उष्णता बाहेर टाकायलाही एनर्जी आणि पाणी लागतं. त्यामुळे मधल्या पक्ष्याला काही वेळाने बाहेर पडायचंच असतं, त्याला कोणी हाकलावं लागत नाही. त्याच नोंदींनुसार पक्षी एकूण वेळेपैकी साधारण ३८ टक्केच वेळ घोळक्यात होते, एका खेपेला सरासरी दीड-पावणेदोन तास, आणि खेप कधी काही मिनिटांची तर कधी कितीतरी तासांची. उरलेला वेळ सुटे उभे. घोळका दिवसभर टिकून असतो ही कल्पनाच चुकीची, तो जमतो, तापतो, फुटतो, परत जमतो.

आता हलतात कसे ते बघू. अडचण अशी की एका चौरस मीटरला दहा पक्षी म्हणजे सगळे अडकलेले, एकट्याला पाऊल टाकायला जागाच नाही. आणि अडकून तर चालत नाही, कारण कडेला नवे येत असतात, वारा दिशा बदलतो, मध्ये फटी पडतात आणि फट म्हणजे उष्णता गेली. २००८ च्या हिवाळ्यात अटका बे इथल्या वसाहतीत, जर्मनांच्या नॉयमायर तळाजवळ, एका टीमने कॅमेरा लावून दर १.३ सेकंदाला एक फोटो असं शूटिंग केलं आणि प्रत्येक पक्ष्याचा रस्ता काढला. नुसत्या डोळ्याने बघितलं तर सगळे पुतळ्यासारखे उभे. फोटो भराभर पळवले की दिसतं, दर ३० ते ६० सेकंदांनी पूर्ण घोळक्यातून एक लाट जाते. प्रत्येक पक्षी ५ ते १० सेंटिमीटरचं एक छोटंसं पाऊल टाकतो, त्याच्यानंतर शेजारचा, मग त्याच्या पुढचा, आणि लाट साधारण सेकंदाला १२ सेंटिमीटर या वेगाने दुसऱ्या टोकाला पोचते. ३ मीटर रुंद घोळका पार करायला २५ सेकंद वगैरे. मग परत सगळं शांत, पुढच्या लाटेपर्यंत.

लाट सुरू कोण करतं? कोणीही. आधी वाटलं होतं पुढच्या कडेचा कोणी नेता असेल, पण याच चित्रांवरून २०१३ मध्ये आलेल्या पुढच्या कामात दिसलं की लाट घोळक्यात कुठूनही, कुठल्याही पक्ष्याच्या पावलाने सुरू होते आणि त्याच्यापासून सगळीकडे पसरते, पुढचाही हलतो, मागचाही. ट्रॅफिकमध्ये पुढची गाडी फूटभर सरकली की आपण सरकतो तसंच, फक्त इथे बाजूचे पण धरायचे. शेजारी सुमारे २ सेंटिमीटरपेक्षा जास्त लांब गेला की पक्षी पाऊल टाकतो, त्याहून कमी असेल तर जागचा हलत नाही. एवढा एकच नियम टाकून कॉम्प्युटरवर मॉडेल चालवलं तर खऱ्यासारख्या लाटा निघतात.

आता हे २ सेंटिमीटर का, तर ते पिसांवरून. दाबली जाणारी पिसं साधारण सव्वा सेंटिमीटर जाडीची असतात, आणि दोन पक्ष्यांची मिळून त्याच्या दुप्पट. पिसांमध्ये अडकलेली हवा हाच खरा कोट, ती दाबून काढली तर कोट पातळ झाला. म्हणून शेजाऱ्याला जोरात रेटायचं नाही, आणि फटही ठेवायची नाही. पिसं पिसांना जेमतेम लागतील इतकंच अंतर. तुम्ही धक्काबुक्कीचं विचारलंत त्याचं उत्तर यातच आहे, जो ढकलतो तो स्वतःचाच कोट दाबतो. शिवाय पायावर अंडं आहे हे विसरू नका. अंडं ठेवून मोठं पाऊल टाकताच येत नाही, टाचांवर भार देऊन पाय घासत सरकायचं असतं, ५-१० सेंटिमीटरच. अंडं निसटून बर्फावर पडलं आणि लवकर परत उचललं गेलं नाही तर ते गेलंच समजा.

लाटेमुळे घोळका आकसून घट्ट होतो, दोन छोटे घोळके शेजारी असतील तर लाटांनीच ते एकमेकांत मिसळतात, पण लाटेत शेजारी बदलत नाहीत. हे नीट लक्षात घ्या, कारण "रोटेशन" म्हटल्यावर आपण जे डोळ्यासमोर आणतो ते इथे नसतं. तुमच्या डावीकडे जो होता तो लाटेनंतरही डावीकडेच. मग आतला बाहेर येतो कसा? कडेवरून. घोळक्यातले बहुतेक पक्षी एकाच दिशेला तोंड करून असतात आणि घोळका त्याच दिशेने थोडाथोडा सरकतो. नवा पक्षी मागून येऊन चिकटतो, समोरच्याच्या पाठीला छाती लावून डोकं खाली घालून उभा राहतो, थोड्या वेळाने त्याच्या मागे आणखी कोणी येतं, आता तो कडेचा राहिला नाही. पुढच्या कडेचे मात्र एकेक करून सोडून जात असतात. असं होत होत आपला पक्षी जागेवर फारसं काही न करता मागच्या कडेवरून मध्ये, मधून पुढच्या कडेला पोचतो आणि सुटतो. वाटलं तर चालत मागे जाऊन परत चिकटतो. सरकण्याचा वेग बघा, ४५ सेकंदाला एक लाट धरली तर तासाला ८०, आणि समजा प्रत्येक पाऊल ७ सेंटिमीटरचं आणि सगळी एकाच दिशेला पडली, तर तासाला साडेपाच मीटर. खरं तर लाटा वेगवेगळ्या बाजूंनी येतात म्हणून ही झाली वरची मर्यादा, पण डोळ्याला न दिसणारी हालचाल किती लांब नेऊ शकते ते यावरून कळतं.

वारा जोरात असेल तर चित्र जरा बदलतं. वाऱ्याच्या बाजूचे पक्षी सगळा मार खात असतात, पाठ वाऱ्याकडे करून. सहन होईनासं झालं की ते घोळका सोडतात, कडेकडेने चालत आडोशाच्या बाजूला जातात आणि तिथे चिकटतात. ते गेल्यावर त्यांच्यामागे जो लपला होता तो वाऱ्यासमोर उघडा पडतो, मग तो निघतो. एखादा पक्षी नुकताच आडोशाला लागला असं धरा. त्याच्यापाठोपाठ आणखी येऊन चिकटले की तो दोन ओळी आत, मग चार, मग मध्यावर, आणि तोवर पलीकडून वाऱ्याच्या बाजूच्या ओळी सोलल्या जात असतात, त्यामुळे थोड्या वेळाने तोच वाऱ्याकडच्या कडेला. तो स्वतः जवळजवळ जागेवरच होता, घोळकाच त्याच्यावरून सरकून गेला. म्हणूनच मोठ्या वादळात अख्खा घोळका वारा वाहतो त्या दिशेने बराच लांब सरकलेला सापडतो.

आता न्यायाचा मुद्दा. यात कोणी कोणावर उपकार करतंय असं मला वाटत नाही. २०१२ मध्ये गणितज्ञांच्या एका टीमने मॉडेल बनवलं, त्यात प्रत्येक पेंग्विन फक्त स्वतःची उष्णता कमी जावी एवढंच बघतो, दुसऱ्याचा विचार शून्य, आणि वाऱ्यात थोडी अनिश्चितता ठेवलेली. तरी शेवटी उष्णतेचा तोटा सगळ्यांमध्ये बऱ्यापैकी सारखा वाटला गेला. ज्याला सगळ्यात जास्त थंडी लागते तोच हलतो, आणि हलून जातो सगळ्यात आडोशाच्या जागी, बास, बाकीचं आपोआप. लॉगरच्या नोंदींमध्येही सगळ्या पक्ष्यांना उबेचा वाटा साधारण सारखाच मिळालेला दिसला, कोणी कायमचा मध्ये बसलेला राजा नाही.

आणि हे शक्य होतं कारण भांडायला काही नाही. बहुतेक पेंग्विन घरटं करतात, चोच पोचेल तेवढ्या जागेची राखण करतात आणि शेजारी जवळ आला की टोचतात. एम्पररचं घरटं त्याच्या पायांवर, त्यामुळे राखायला जमीनच नाही आणि अंड्यासकट कुठेही जाता येतं. अडेली पेंग्विन दगडांच्या घरट्यावर उन्हाळ्यात बसतात, त्यांना असा फिरता घोळका करायचा तर घरटं सोडावं लागेल. किंग पेंग्विनही अंडं पायावरच ठेवतात, पण प्रत्येकाची स्वतःची छोटी जागा ठरलेली असते आणि ते ती सोडत नाहीत, हवाही तितकी जीवघेणी नसते. त्यांची पिल्लं मात्र आईबाप समुद्रावर गेल्यावर हिवाळ्यात चिकटून उभी राहतात.

बिघडतं कधी, तर मुख्यतः आकडा कमी पडला की. वरचा कडेचा हिशोब आठवा, दहाबारा पक्षी असतील तर जवळजवळ सगळेच कडेला, आत म्हणावी अशी जागाच नाही, कुंपणातल्या गटांचं तेच झालं होतं. आणि दुसरं म्हणजे घोळका जास्त तापला की. तेव्हा आधी माना वर येतात, गर्दीवर वाफेचा ढग दिसतो, कडेचे दोनचार निघतात, मोकळ्या जागेकडे त्यांच्यामागचे सरकतात, आणि दोनचार मिनिटांत अख्खा घोळका विस्कटतो. बघणाऱ्याला वाटतं काहीतरी घाबरले, पण तसं नसतं, नुसते थंड व्हायला बाहेर आलेले असतात, काही तर तिथेच बर्फ खाताना दिसतात. थोड्या वेळाने कोणीतरी दोघं जवळ येऊन मान खाली घालतात आणि परत सुरू. वारा, तापमान, ऊन आणि हवेतला दमटपणा मिळून घोळका बनायची एक हद्द ठरते, आणि हीच हद्द बघून आता संशोधक लांबून कॅमेऱ्याने अंदाज बांधतात की वसाहतीतल्या पक्ष्यांची चरबी कितपत शिल्लक आहे, कारण साठा कमी असलेले पक्षी तुलनेने कमी थंडीतच चिकटायला लागतात.

पुढच्या वेळी व्हिडिओ बघाल तेव्हा आधी बघा तो टाइमलॅप्स आहे का साध्या वेगाचा, साध्या वेगात तुम्हाला काहीच दिसणार नाही. टाइमलॅप्स असेल तर घोळक्यातला मधला एकच पक्षी धरा आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांवर नजर ठेवा. शेजारी तेच राहतात आणि कडा त्यांच्याकडे येत जाते हे दिसलं की झालं.